मुलांचं वाचन ऐकायला पालक हवेत : बोलावणं कसं धाडायचं, काम काय द्यायचं

दुसरी-तिसरी मिळून चोवीस मुलं आहेत असं धरा. प्रत्येकाचं वाचन रोज पाच मिनिटं वेगळं ऐकायचं ठरवलं तर दोन तास जातात, आणि दोनशिक्षकी शाळेत तेवढ्या वेळात बाकीची मुलं काय करणार? मग वर्ग एका सुरात धडा म्हणतो. त्या सुरात कोण वाचतंय आणि कोण शेजाऱ्याच्या आवाजामागे नुसते ओठ हलवतंय, हे उभ्या असलेल्या शिक्षकाला कळत नाही. मला ते कळायला एकदा दिवाळी उजाडली होती. एक मुलगी अख्खा धडा घडाघडा म्हणायची. मधल्या ओळीवर बोट ठेवून "इथून वाच" म्हटलं, तेव्हा ती गप्प झाली.

अशा मुलांना शेजारी बसून ऐकणारं एक मोठं माणूस लागतं. ते शिक्षक असायची गरज नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मांगेरे भागात मॅकनॉटन, ग्लिन आणि रॉबिन्सन या संशोधकांनी पालकांनाच एक साधी रीत शिकवली होती : मूल अडलं की आधी थांबा, मग सुचवा, आणि जमलं की नेमकं काय जमलं ते सांगून शाबासकी द्या. इथे जे सांगते आहे त्याचा पाया हीच रीत आहे. फक्त ती मराठी लिपीला, आपल्या बोलींना आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दिवसाला जुळवून घेतली आहे.

आधी मुलं निवडा, पालक नंतर

बहुतेक शाळांत उलटं होतं. पालकसभेत "वाचनाला मदत करायला कोण येईल?" असं विचारलं जातं, आठ-दहा हात वर होतात आणि पहिल्या दिवशी त्यांना काय द्यायचं हेच ठरलेलं नसतं. दोन आठवड्यांत ते येणं बंद करतात.

म्हणून आधी प्रत्येक मुलाला एकेकटं बाजूला घेऊन वाचायला द्या. 'असर'च्या पाहणीमुळे आपल्याला ओळखीची झालेली पायरी पुरेशी आहे : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जी मुलं शब्द वाचतात पण परिच्छेदात अडखळतात, किंवा परिच्छेद कसाबसा वाचतात पण काय वाचलं ते सांगू शकत नाहीत, ती मुलं या कामासाठी. त्यांना वाचता येतं, कमी पडतो तो सराव.

ज्यांना अक्षरांचीच ओळख पक्की नाही, त्यांना वाचन ऐकणाऱ्याच्या हाती देऊ नका. त्यांना शिकवायला हवं आणि ते आपलं काम आहे. पुस्तक अगदी डोळ्यांजवळ धरणारं किंवा ओळ सारखी चुकणारं मूल दिसलं तर आधी घरी सांगा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा डोळे तपासून घ्या. चष्मा लागणाऱ्या मुलाला सराव देऊन उपयोग होत नाही.

आता हिशोब. आमच्याकडे अशी नऊ मुलं निघाली. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा, दर वेळी पंधरा मिनिटं, म्हणजे अठरा बैठका. एक पालक आठवड्यातून एकच दिवस पाऊण तास येईल असं धरलं, तर तो तीन मुलांचं वाचन ऐकतो. म्हणजे सहा पालक पुरे, आणि कुणाचा खाडा झाला तर हाताशी असावा म्हणून एक जादा. सात. हा आकडा हातात असला की बोलावणंही नेमकं लिहिता येतं. चाळीस घरांना मोघम हाक मारावी लागत नाही.

काम तीनच ठेवा

पहिलं काम वाचन ऐकण्याचं. मूल वाचतं, पालक शेजारी बसून ऐकतो. ज्याला मराठी सावकाश का होईना वाचता येतं, त्याला हे जमतं. चौथी-सातवी शिकलेल्या आया हे काम पदवीधरांपेक्षा चांगलं करतात असा माझा अनुभव आहे. त्या घाई करत नाहीत आणि मुलाला कठीण वाटणारा शब्द त्यांनाही कठीण वाटलेला असतो.

दुसरं काम गोष्ट ऐकून घेण्याचं. वाचता न येणाऱ्या आई-आजीसाठी हे काम मुद्दाम ठेवलं आहे आणि ते दुय्यम नाही. मूल आदल्या दिवशी वाचलेल्या पुस्तकाची चित्रं दाखवत गोष्ट सांगतं. आजी विचारते, "मग पुढं काय झालं? तो का रडला?" जे मूल अक्षरं नीट वाचतं पण अर्थ सोडून देतं, त्याला हीच बैठक लागते. अर्थाचा धागा सुटला की आजीला तो लगेच कळतो, कारण तिला खरंच पुढचं ऐकायचं असतं.

तिसरं काम पुस्तकांचं : फाटलेली पानं चिकटवणं, पुस्तकं पातळीप्रमाणे पेटीत लावणं, पुढच्या आठवड्याची बाजूला काढून ठेवणं. लाजाळू पालक बरेचदा इथून सुरुवात करतात आणि महिनाभरात मुलाशेजारी बसायला तयार होतात.

पुस्तकं पाठ्यपुस्तकाबाहेरची हवीत. बालभारतीचा धडा मुलांना ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावून ठेवल्या आहेत. त्या मोफत उतरवून छापता येतात. अडखळणाऱ्या मुलांना पहिल्या दोन पातळ्यांतल्या द्या. शाळेच्या ग्रंथपेटीत नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तकं असतील तर त्यातली बारीक पुस्तकंही चालतील.

बोलावणं

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यामुळे हा विषय आधी समितीच्या बैठकीत मांडा, मुलं, वेळ आणि जागा सांगा, आणि इतिवृत्तात नोंद घ्या. मग बोलावणं धाडा. आम्ही धाडलेला मजकूर असा होता :

> सप्रेम नमस्कार.
>
> आपल्या शाळेतल्या दुसरी-तिसरीच्या काही मुलांना वाचता येतं, पण अजून अडखळत. त्यांच्या शेजारी बसून वाचन ऐकणारी मोठी माणसं आम्हाला हवी आहेत.
>
> आठवड्यातून एक दिवस, दुपारी दोन ते पावणेतीन, शाळेच्या व्हरांड्यात. एका वेळी एक मूल, पंधरा मिनिटं. शिकवायचं नाही, अभ्यास घ्यायचा नाही. मूल वाचेल, तुम्ही ऐकायचं. ते अडलं तर काय करायचं, हे आम्ही करून दाखवू.
>
> मराठी सावकाश वाचता आलं तरी पुरे. तुम्ही किती शिकलात हे कुणी विचारणार नाही. वाचता येत नसेल तर मुलांकडून गोष्ट ऐकून घ्यायचं काम आहे. आई-वडील, आजी-आजोबा, काका-काकू, कॉलेजात जाणारे ताई-दादा, कुणीही या.
>
> हे काम आठ आठवड्यांचं आहे. पुढे जमणार नसेल तर तिथे थांबा, आम्हाला वाईट वाटणार नाही. एखाद्या दिवशी येणं होणार नसेल तर सकाळी निरोप द्या.
>
> येत्या शुक्रवारी दुपारी दोन वाजता अर्धा तास शाळेत या. बसून बघा आणि मग ठरवा.
>
> आपली,
> वर्गशिक्षिका

यातल्या काही ओळी पहिल्या वर्षी नव्हत्या. "आठ आठवड्यांचं" हे नसताना लोकांना वाटायचं की एकदा हो म्हटलं की वर्षभर अडकलो, म्हणून ते हो म्हणतच नसत. "किती शिकलात हे कुणी विचारणार नाही" ही ओळ एका आईमुळे आली. शाळेत यायचं म्हणजे आपल्यालाच वाचायला लावतील, या धास्तीने ती फाटकापासून परत गेली होती.

मुलांची संख्या आणि नावं बोलावण्यात घालू नका. गावात "नऊ कच्ची पोरं कुठली?" ही चर्चा संध्याकाळपर्यंत सुरू होते.

नुसता कागद मुलाच्या दप्तरातून धाडला तर तो दप्तरातच राहतो. हाच मजकूर स्वतःच्या आवाजात बोलून वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका, म्हणजे वाचता न येणाऱ्यांपर्यंतही तो पोचतो. आणि जे येतील असं वाटतं, त्यांना स्वतः भेटून सांगा. माता पालक गट चालू असेल तर त्यांच्या पुढच्या भेटीत पाच मिनिटं मागून घ्या. आमच्या सात जणांपैकी पाच जण तोंडी सांगितल्यामुळे आले. सातांत मिळून चार आया, आजोबा एक, बारावीचा निकाल लागून घरी असलेली एक ताई आणि दुपारपाळी नसलेला एक वडील होता.

वेळ ठरवताना शाळेच्या सोयीआधी गावाची सोय बघा. बाजाराचा दिवस वगळा. पोषण आहारानंतरची दोनची वेळ आमच्याकडे जमली, कारण तोवर सकाळची कामं उरकलेली असतात आणि गुरांना अजून पाणी पाजायचं नसतं. तुमच्याकडे कदाचित सकाळी परिपाठाच्या आधीची वीस मिनिटं जमतील.

अर्ध्या तासाची ओळख

शुक्रवारच्या बैठकीत भाषण करू नका. पहिली पाच मिनिटं जागा दाखवा आणि कोणता वार कुणाचा ते ठरवा. पुढची दहा मिनिटं एका मुलाला शेजारी घेऊन तुम्ही स्वतः बैठक करून दाखवा. हे मूल निवडलेल्या नऊतलं नको, नीट वाचणारं घ्या. मधे मधे अडल्याचं सोंग करायला मुलांना फार आवडतं. नंतरची दहा मिनिटं पालकांनी जोड्या करायच्या : एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं. उरलेल्या वेळात हे टिपण वाचून दाखवा आणि प्रत्येकाला एक प्रत द्या.

> वाचन ऐकताना
>
> मुलाच्या समोर नको, शेजारी बसा. पुस्तक मुलाच्या हातात राहू द्या.
>
> आधी दोन मिनिटं चित्रं बघत गप्पा मारा.
>
> मूल अडलं की काही बोलू नका. मनात एक ते पाच मोजा.
>
> तरी अडलंच तर एकदा सुचवा. त्यानंतरही जमलं नाही तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला.
>
> चुकून स्वतःच सुधारलं तर तसं बोलून दाखवा : "परत वाचून तूच बरोबर केलंस."
>
> शेवटी विचारा : "गोष्टीत काय झालं?"
>
> अडलेले शब्द वहीत लिहा.
>
> कोण कसं वाचतं हे बाहेर कुणाला सांगू नका. मुलाच्या आईलाही नको. ते बाई सांगतील.

शेवटची ओळ सावकाश, दोनदा वाचा. सोबत तीन नियम तोंडी सांगा. बैठक उघड्या व्हरांड्यातच होईल, बंद खोलीत नाही. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. आणि आपलं मूल आपल्याकडे येणार नाही. आईसमोर अडखळणं मुलाला जड जातं, आणि आईला पाचपर्यंत मोजणं त्याहून जड जातं.

सुचवायचं म्हणजे नेमकं काय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपण सगळे "अक्षर अक्षर जोड" या पद्धतीने शिकलो, त्यामुळे मूल अडलं की तोंडून तेच निघतं. पण "पर्वत" हा शब्द प-र-व-त असा जोडला तर "परवत" होतो, आणि रफार डोळ्यांना "व"वर दिसत असला तरी तोंडाने "व"च्या आधी म्हणायचा असतो. "दिवस"मधली वेलांटी "द"च्या आधी लिहिलेली दिसते आणि नंतर उच्चारली जाते. अशा शब्दांत अक्षरं सुटी केल्याने मूल आणखी गोंधळतं. म्हणून सुचवण्याचे तीनच प्रकार शिकवा, आणि कोणता कधी ते उदाहरणाने दाखवा.

ओळ अशी आहे : "आजीने सूप घेतले आणि अंगणात तांदूळ पाखडले."

मूल वाचतं, "आजीने साप घेतले…" चूक अर्थाला धरून नाही. लगेच टोकू नका, वाक्य पूर्ण होऊ द्या. बरेचदा मूल "तांदूळ"पाशी पोचलं की स्वतःच मागे वळतं. नाही वळलं तर अर्थाकडे बोट दाखवा : "तांदूळ पाखडायला आजीनं काय घेतलं असेल? चित्र बघ बरं."

दुसरं मूल वाचतं, "अंगणात भात पाखडले." अर्थ थोडाफार जुळतो, अक्षरं जुळत नाहीत. इथे अक्षराकडे बोट दाखवा : "या शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं आहे?"

तिसरं मूल "पाखडले"पाशी थांबतं आणि काहीच बोलत नाही. पाच मोजा. मग म्हणा, "ओळ पहिल्यापासून वाच." मागून वेग घेऊन आलं की पुष्कळदा शब्द तोंडात येतो. आला नाही तर "पाखडले" असं सांगा, त्याच्याकडून एकदा म्हणून घ्या आणि पुढे चला.

चौथी गोष्ट सुचवण्याची नाही, न टोकण्याची आहे. "पाणी" लिहिलेलं मूल "पानी" वाचतं, "नाही"ला "न्हाई" म्हणतं. ही वाचनाची चूक नाही. त्याने शब्द ओळखला, अर्थ घेतला आणि घरच्या बोलीत म्हटला. कॉलेजातली ताई आणि नोकरदार पालक इथे हमखास अडवतात. त्यांना स्पष्ट सांगा की उच्चार सुधारायचा नाही. दर ओळीला बोली दुरुस्त होऊ लागली की मूल हळू आवाजात वाचायला लागतं, आणि मग खरी चूक झाली तरी ऐकू येत नाही.

वही, आणि तिचा उपयोग

प्रत्येक मुलाची एक दोनशे पानी वही. तारीख, पुस्तक, कुठल्या पानापर्यंत वाचलं आणि अडलेले शब्द, एवढंच लिहायचं. गोष्ट ऐकून घेणाऱ्या एका आजीने वही लिहिता येत नाही म्हणून जिथपर्यंत गोष्ट सांगून झाली त्या पानावर टिकली लावायला सुरुवात केली. आम्ही ती पद्धत सगळ्यांसाठी घेतली.

अडलेले शब्द दर शनिवारी तुम्ही वाचायचे. एका मुलाच्या वहीत तीन आठवड्यांत हे शब्द जमले होते : गर्दी, सूर्य, मार्ग, वर्ग, दर्शन, खुर्ची. सगळ्यांत रफार. त्याला वाचायचा कंटाळा आहे असा माझा समज होता. त्याला एकच चिन्ह शिकवायचं राहून गेलं होतं. तशाच आणखी दोन मुलांना सोबत घेऊन चार दिवस रोज दहा मिनिटं रफाराचे शब्द घेतले. शिकवणं मी केलं. ऐकणाऱ्या आजोबांनी शब्द लिहून ठेवले नसते तर काय शिकवायचं हेच मला कळलं नसतं.

कुठे बिघडतं

पुस्तक फार कठीण निघणं ही रोजची अडचण. खूण सोपी आहे : साधारण वीस शब्दांत मूल दोनापेक्षा जास्त वेळा अडलं तर पुस्तक बदलायचं. पालकांना हे पहिल्याच दिवशी सांगा आणि व्हरांड्यात नेहमी एक सोपं पुस्तक जादा ठेवा. उलट पानंच्या पानं न अडता वाचलं तर पुढची पातळी द्या.

पाठ झालेलं वाचन ओळखायलाही पालकांना शिकवा. असं मूल पानाकडे कमी आणि आपल्या तोंडाकडे जास्त बघतं. मधलाच एखादा शब्द दाखवून विचारला की कळतं.

काही पालक पाच मोजत नाहीत, शब्द लगेच सांगतात. त्यांना रागावू नका. शेजारी एकदा बसा आणि अडल्यावर स्वतःच्या मांडीवर पाच बोटं हळूहळू उघडून दाखवा. बोटांनी मोजायची सवय लागली की तोंड आपोआप थांबतं. मात्र कुणी मुलाला हिणवत असेल, "एवढंही येत नाही?" असं म्हणत असेल, तर एकदा बाजूला घेऊन सांगा आणि पुन्हा घडलं तर त्यांना पुस्तकांच्या कामाकडे वळवा. इथे भीड धरू नका.

ऊसतोडीच्या किंवा काढणीच्या हंगामात पालक आणि मुलं दोन्ही गळतात. म्हणून आठ आठवड्यांची पहिली फेरी जुलै-ऑगस्टमध्ये घ्या आणि दुसरी जानेवारीनंतर, गावात जे असतील त्यांना धरून.

सहा आठवड्यांनी

प्रत्येक मुलाला न वाचलेला, त्याच पातळीचा नवा परिच्छेद द्या. एक मिनिट वाचू द्या, शब्द मोजा आणि दोन प्रश्न विचारा. निपुण भारतच्या उद्दिष्टांत दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द, अर्थ समजून, असं म्हटलं आहे. हा आकडा तुमच्या नोंदीत ठेवा, पालकांना देऊ नका. मराठीत "घरासमोरच्या" हा एकच शब्द मोजला जातो, त्यामुळे परिच्छेद बदलला की आकडाही हलतो. आणि वेग कळला की ऐकणारा घड्याळ बघायला लागतो.

पालकांना दुसरं काहीतरी सांगा : पहिल्या आठवड्यात या मुलाच्या वहीत एका बैठकीला नऊ शब्द अडले होते, आता तीन अडतात, आणि गोष्ट विचारली तर शेवटापर्यंत सांगतं. आमच्या नऊपैकी पाच मुलं सहा आठवड्यांनी यादीतून बाहेर पडली. तिघांना दुसरी फेरी लागली. एकाला वही बघून पुन्हा अक्षरांपासून सुरुवात करावी लागली, म्हणजे माझी पहिली तपासणी त्याच्यापुरती चुकली होती. मोकळ्या झालेल्या जागांवर चौथीतली दोन मुलं घेतली. त्यांच्या वह्यांवर नवी तारीख घालून मंगळवारचे आजोबा आणि गुरुवारच्या काकूंना दिल्या.